बंद खोलीतला लेझर प्रिंटर: वास, काळपट धूळ आणि हवेची वाट

प्रश्न: साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचे ऑनलाइन फॉर्म आणि प्रिंटचे छोटे दुकान आहे. खोली 9 बाय 10 फुटांची, पुढे काचेचे दार, मागे एकच खिडकी. ती पावसामुळे आणि एसीमुळे कायम बंद असते. दोन लेझर प्रिंटर टेबलावर माझ्या उजव्या हाताला आहेत. दुपारनंतर खोलीत गरम प्लॅस्टिकसारखा वास भरतो, घसा खवखवतो, टेबलावर काळपट धूळ बसते. पावसाळ्यात एका प्रिंटरमधून कधीकधी धूरही येतो. ही पावडर फुप्फुसात जाते का? एअर प्युरिफायर घ्यावा की एक्झॉस्ट पंखा बसवावा?

उत्तर:

आधी पंखा बसवा आणि त्याच्या समोरच्या बाजूने बाहेरची हवा आत येण्यासाठी वाट करा. प्युरिफायरचा विचार त्यानंतर करावा. मात्र तुम्ही ज्या गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत त्यांची कारणे वेगवेगळी आहेत आणि पंख्याने त्या सगळ्या सुटणार नाहीत. टेबलावरची काळी धूळ हा बहुतेक वेळा कार्ट्रिजचा दोष असतो, वास आणि डोळ्यांना न दिसणारे कण हे प्रिंटरच्या उष्णतेतून येतात, आणि ते खोलीत साठून राहतात याचे कारण खोलीची रचना हे आहे. म्हणून मी याच क्रमाने लिहितो.

काळ्या धुळीपासून सुरुवात करू. टोनर म्हणजे मुख्यतः प्लॅस्टिकची बारीक पूड असते. तिच्यात काजळीसारखा काळा रंग, थोडे मेण आणि पूड मोकळी राहावी म्हणून घातलेले काही पदार्थ असतात. तिचा एकेक कण साधारण 5 ते 10 मायक्रॉनचा असतो. या आकाराचे कण श्वासात गेले तर त्यांतले बहुतांश नाक, घसा आणि वरच्या श्वासनलिकांत अडकतात. थोडे त्याहून खाली जाऊ शकतात. परंतु मुख्य मुद्दा असा की धडधाकट कार्ट्रिजमधून ही पूड बाहेर पडायलाच नको. ती कागदावर चिकटते आणि उरलेली कार्ट्रिजमधल्याच टाकाऊ पावडरीच्या कप्प्यात जाते. तो कप्पा रिकामा न करता कार्ट्रिज पुन्हापुन्हा भरले, किंवा ड्रम पुसणारी पट्टी झिजली, की पूड प्रिंटरच्या तळाशी सांडू लागते आणि आतल्या पंख्याच्या झोताने बाहेर येते.

तुमच्याकडे हेच होत आहे का, हे आजच पाहता येईल. टेबल स्वच्छ पुसून प्रिंटरच्या भोवती पांढरे कोरे कागद पसरून ठेवा आणि दिवसभराच्या कामानंतर ओल्या पांढऱ्या फडक्याने त्यांच्यावरून हलकेच पुसा. फडक्यावर गडद काळा, तेलकट वाटणारा पट्टा उमटला आणि तो प्रिंटरच्या जवळ जास्त, दूर कमी असेल, तर ती टोनर आहे. करडी किंवा मातकट धूळ सगळीकडे सारखी बसली असेल तर ती रस्त्यावरून आलेली आहे, आणि कागद ओढणाऱ्या रोलरपाशी पांढरट, कापसासारखे काही साठले असेल तर ती कागदाची भुकटी आहे. आणखी एक चाचणी अशी की ताज्या प्रिंटच्या गडद काळ्या भागावर बोट जोराने घासून पाहावे. बोटाला काळे लागले तर पावडर कागदात नीट वितळून बसत नाही. बाजारातली सुटी पावडर त्या प्रिंटरच्या तापमानाला जुळत नसली की असे होते, आणि मग तीच पावडर आतल्या गरम रोलरवर जमून वासही वाढवते.

कार्ट्रिज दुकानाच्या आतच भरून घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि लहान बंद खोलीत ती सर्वांत आधी थांबवावी असे माझे स्पष्ट मत आहे. पावडर ओतताना, जुना कप्पा झटकताना आणि विशेषतः ब्लोअर मारून प्रिंटर साफ करताना जेवढी पूड हवेत उडते, तेवढी महिनाभराच्या छपाईतही उडत नसेल. रिफिल करणाऱ्याला कार्ट्रिज घेऊन जाऊन भरून आणायला सांगा, प्रिंटर साफ करायचा असेल तर तो दुकानाबाहेर मोकळ्या जागेत न्यायला सांगा. सांडलेली पूड थंड पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने टिपून घ्यावी. गरम पाण्याने ती चिकटते. झाडूने ती पुन्हा उडते, आणि घरगुती व्हॅक्युम क्लीनरच्या पिशवीतून ती आरपार जाऊन मागून बाहेर येते.

आता न दिसणाऱ्या कणांकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातला गाभा तिथे आहे. प्रिंटरच्या शेवटच्या टप्प्यात फ्यूजर नावाचा भाग असतो. तो साधारण 180 ते 200 अंश सेल्सियसपर्यंत तापून टोनर कागदावर वितळवतो. या उष्णतेत टोनरमधले मेण, फ्यूजरच्या सिलिकॉन रबरातले आणि वंगणातले काही अंश, तसेच कागदावरचे काही पदार्थ वाफेच्या रूपाने सुटतात. प्रिंटरबाहेरच्या थंड हवेत आल्यावर या वाफेचे अतिशय सूक्ष्म थेंब बनतात, ज्यांचा आकार बहुतेक वेळा 0.1 मायक्रॉनपेक्षाही लहान असतो. म्हणजे प्रिंटरमधून बाहेर पडणारे संख्येने सर्वाधिक कण हे उडालेल्या पावडरीचे नसतात, तर गरम वाफ गोठून झालेले असतात. कार्ट्रिज कितीही चांगले असले तरी हे कण पूर्णपणे थांबत नाहीत, म्हणूनच हवा बदलण्याला पर्याय उरत नाही. इतके सूक्ष्म कण फुप्फुसांच्या खोलवर पोहोचू शकतात.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये लिडिया मोराव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कार्यालयांतले 62 प्रिंटर तपासले होते. त्यांतल्या 37 प्रिंटरांमधून लक्षात येण्याजोगे कण निघाले नाहीत, तर 17 प्रिंटर मात्र भरपूर कण सोडणारे निघाले. म्हणजे दोन प्रिंटर शेजारी ठेवले तर एक जवळजवळ निरुपद्रवी आणि दुसरा बराच त्रासदायक असू शकतो, आणि बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. दुकानात मिळणारी पीएम 2.5 मोजणारी छोटी डबी इथे दिशाभूल करते. तिच्यातला प्रकाशाचा सेन्सर साधारण 0.3 मायक्रॉनपेक्षा लहान कण पाहूच शकत नाही, त्यामुळे प्रिंटर चालू असताना आकडा हलला नाही म्हणून हवा स्वच्छ आहे असे समजू नये.

या कणांची एक सवय मात्र उपयोगाची आहे. बऱ्याच प्रिंटरांमध्ये थंड फ्यूजर तापताना आणि पहिली काही पाने निघताना कणांचा मोठा लोट येतो आणि पुढे सलग छपाईत तो कमी होतो. त्यामुळे दर दहा मिनिटांनी एकेक पान काढण्यापेक्षा, ज्यांना घाई नाही अशा ग्राहकांची पाने साठवून एकदम काढणे हवेच्या दृष्टीने चांगले.

वासावरून बरेच ओळखता येते. मेणासारखा किंवा गरम प्लॅस्टिकचा सौम्य वास हा फ्यूजरचा नेहमीचा वास असतो. तो खोलीत तासन्‌तास राहतो तेव्हा हवा बदलत नाही एवढाच त्याचा अर्थ. नाकात झोंबणारा, विजेची ठिणगी उडाल्यानंतर येतो तसा तीव्र वास हा ओझोनचा असतो. जुन्या यंत्रांत आणि काही मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये ड्रमला विद्युतभार देण्यासाठी तार वापरलेली असते, तिथे तो जास्त येतो. अलीकडच्या छोट्या प्रिंटरांत तारेच्या जागी रबरी रोलर असल्यामुळे तो फारच कमी असतो. करपलेल्या रबराचा वास येऊ लागला आणि पानावर ठराविक अंतराने डाग किंवा सुरकुती उमटू लागली, तर फ्यूजरची फिल्म फाटत आली आहे असे समजावे आणि ती बदलावी.

पावसाळ्यात येणारा तुमचा तो ‘धूर’ बहुधा पाण्याची वाफ आहे. साताऱ्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडे पडलेले कागद भरपूर ओल धरतात, आणि 200 अंशांच्या जवळ तापलेल्या फ्यूजरमधून जाताना ती ओल वाफ होऊन बाहेर येते. ही वाफ पान बाहेर येतानाच दिसते, लगेच विरते, तिला करपट वास नसतो, आणि स्टीलची थंड ताटली समोर धरली तर तिच्यावर दमट थर येतो. तसे नसेल, धूर निळसर असेल, रेंगाळत असेल किंवा छपाई थांबल्यावरही येत असेल, तर प्रिंटर बंद करून प्लग काढा. वाफेवर उपाय सोपा आहे: कागदाचे बंडल लागेल तेवढेच उघडावे आणि उघडलेले बंडल झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावे. कागद वळणे आणि अडकणेही त्यामुळे कमी होते.

आता खोलीचा हिशेब करू. 9 बाय 10 फूट आणि उंची साधारण 10 फूट धरली तर खोलीत 900 घनफूट, म्हणजे सुमारे 25 घनमीटर हवा आहे. दार-खिडकी बंद असताना फटींमधून तासाभरात साधारण अर्धी खोलीभर हवा बदलते असे धरा. तुमचा एसी स्प्लिट असेल तर तो बाहेरची हवा मुळीच आत आणत नाही. तीच हवा थंड करून फिरवतो आणि त्याची जाळी फक्त जाडी धूळ अडवते. खोलीभर नवी हवा आत आली म्हणजे जुनी सगळी गेली, असेही होत नाही, कारण दोन्ही मिसळत राहतात. एका बदलानंतर जुन्यातला साधारण 37 टक्के भाग उरतो आणि तीन बदलांनंतर सुमारे 5 टक्के. तासाला अर्धा बदल होणाऱ्या खोलीत सकाळी अकराला साठलेले जायला संध्याकाळचे पाच वाजतात, आणि तोवर छपाई चालूच असते. दुपारनंतर वास का ‘भरतो’ याचे उत्तर यात आहे. हीच हवा तासाला सहा वेळा बदलली तर तेवढीच सफाई अर्ध्या तासात होते.

तासाला सहा बदल म्हणजे 150 घनमीटर. सहा इंची, म्हणजे 150 मिलिमीटरच्या साध्या एक्झॉस्ट पंख्याची छापील क्षमता साधारण 200 ते 300 घनमीटर प्रतितास असते. भिंतीतले भोक, जाळी आणि बाहेरचे झाकण यांमुळे प्रत्यक्षात त्याच्या निम्मी-साठ टक्के हवा जाते असे धरून चालावे. म्हणजे तुमच्या खोलीला असा एक पंखा बऱ्यापैकी पुरतो. भिंत फोडायची परवानगी नसेल तर खिडकीचे एक तावदान काढून तिथे प्लायवूड किंवा ॲक्रिलिकचा तुकडा बसवावा आणि त्यात पंख्याचे भोक करावे. लांब लवचिक पाइप जोडू नका. अशा छोट्या पंख्यात तेवढा जोर नसतो.

मात्र पंखा बसवून लोक जिथे थांबतात तिथेच काम अर्धे राहते. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता फिरतो. 150 घनमीटर हवा सहज आत यायला सुमारे 400 ते 450 चौरस सेंटिमीटर मोकळी जागा लागते, म्हणजे आठ इंच लांबी-रुंदीची जाळी, किंवा तीन फुटी दाराखाली जवळजवळ पाच सेंटिमीटरची फट. जाळीच्या पट्ट्या जागा व्यापतात, म्हणून जाळी थोडी मोठीच घ्यावी. तुमचा पंखा मागच्या खिडकीत असेल, म्हणून ही वाट पुढच्या दाराच्या खालच्या भागात ठेवा, म्हणजे हवा संपूर्ण खोली ओलांडून जाईल. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा एकाच भिंतीवर जवळजवळ असेल तर ती आल्या पावली निघून जाते आणि तुमच्या खुर्चीभोवतीची हवा जागची हलत नाही.

साताऱ्यात दिशेचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात इथे वारा आणि पाऊस मुख्यतः पश्चिमेकडून येतो. मागची खिडकी पश्चिमेला असेल तर छोटा पंखा त्या वाऱ्याला हरतो, पाणी आत येते आणि मग आठवडाभरात तो बंद करून ठेवला जातो. अशा वेळी पंख्याला बाहेरून खाली तोंड असलेले पत्र्याचे झाकण आणि बंद असताना आपोआप मिटणाऱ्या पट्ट्या लावाव्यात, किंवा शक्य असेल तर दुसऱ्या बाजूची भिंत निवडावी. पंख्याचे तोंड इमारतीच्या बंद जिन्यात किंवा शेजारच्या दुकानाच्या खिडकीसमोर नको.

एसीचा गारवा जाईल ही काळजी रास्त आहे, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. बाहेर 38 आणि आत 26 अंश असताना तासाला 150 घनमीटर हवा बदलली तर सुमारे 600 वॅट उष्णता आत येते. एक टनाचा एसी सुमारे 3500 वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे त्याचा जेमतेम सहावा भाग यासाठी खर्च होतो. पंखा छपाई सुरू होण्याआधी लावावा आणि शेवटच्या पानानंतर अर्धा तास चालू ठेवावा; मधल्या निवांत वेळात बंद केला तरी चालेल.

प्रिंटरची जागा बदलणे हे यानंतरचे काम. एवढ्या छोट्या खोलीत कण काही मिनिटांत सर्वत्र मिसळतात, म्हणून प्रिंटर नुसता चार फूट सरकवून प्रश्न सुटत नाही. पण पहिला गरम लोट थेट तुमच्या तोंडावर येऊ नये, एवढे जागेने नक्की साधते. छपाई चालू असताना प्रिंटरच्या बाजूंना टिश्यू कागदाची पट्टी धरून गरम हवा कोठून बाहेर पडते ते पाहा. काही प्रिंटरांत ती उजव्या बाजूने, काहींत मागून येते. दोन्ही प्रिंटर मागच्या भिंतीशी, पंख्याच्या खाली न्या आणि हवेची बाजू तुमच्याकडे येणार नाही अशी ठेवा. भिंतीपासून हातभर नाही तरी निदान 10 ते 15 सेंटिमीटर अंतर सोडा, नाहीतर आतली उष्णता कोंडून फ्यूजरच लवकर खराब होतो. टेबलाखालच्या बंद कप्प्यात प्रिंटर ठेवू नका, आणि एसीच्या झोताच्या वाटेतही नको, कारण तो झोत सगळा लोट उचलून खोलीभर पसरवतो. यूएसबीची तार पुरत नसेल तर प्रिंटर वाय-फायवर घ्या.

सगळे बसवून झाल्यावर एक उदबत्ती लावून तपासा. दाराच्या जाळीपाशी धूर आत ओढला गेला पाहिजे, तुमच्या खुर्चीपाशी तो मागच्या भिंतीकडे झुकला पाहिजे आणि प्रिंटरच्या वर तो पंख्याकडे चढला पाहिजे. खुर्चीपाशी तो नुसता घोटाळत असेल तर एसीच्या पट्ट्यांची दिशा बदलून पुन्हा पाहा. तपासणी आटोपली की उदबत्ती विझवा. तिचा धूरही बारीक कणांचाच असतो.

प्युरिफायरबद्दल सांगायचे तर हेपा गाळणी हे सूक्ष्म कण चांगले पकडते, पण वासाच्या वायूंना ती अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो, आणि स्वस्त यंत्रांत तो नावापुरताच असतो. तरीही तुमच्या बाबतीत प्युरिफायरला एक खरी जागा आहे. पोवई नाक्याच्या रहदारीमुळे दारातून येणारी हवाही स्वच्छ नाही. पंखा बसवून दोन-तीन आठवडे गेल्यावर वास गेला, पण रस्त्याची धूळ आणि धूर जाणवत राहिला, तर हेपाचे यंत्र घ्या. आयोनायझर किंवा ओझोन सोडणारे यंत्र मात्र अशा खोलीत अजिबात नको.

साधी पाने काढायला एक प्रिंटर शाईच्या टाकीचा ठेवता आला तर कणांचा उगमच कमी होतो, कारण त्याच्यात फ्यूजर नसतो. पाण्याने फिसकटू नयेत अशी प्रमाणपत्रे आणि फोटोकॉपी लेझरवर ठेवावीत. नवा लेझर घेताना जर्मनीचे ‘ब्लू एंजल’ चिन्ह असलेला पाहा. त्या चिन्हासाठी प्रिंटरमधून निघणारे कण, वायू आणि ओझोन बंद कक्षात मोजले जातात. मात्र ही मोजणी ठरवून दिलेल्या टोनरवर झालेली असते, बाजारातली सुटी पावडर भरल्यावर ती लागू राहत नाही.

आरोग्याविषयी मी माझ्या मर्यादेत लिहितो. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे आणि दमा असलेल्याला त्रास वाढणे एवढे अशा हवेने होऊ शकते. तुमचा घसा सुटीच्या दिवशी किंवा दुकानाबाहेर गेल्यावर बरा वाटतो का, हे लक्षात ठेवा. तसे होत असेल तर खोलीचा संबंध असण्याची शक्यता वाढते. शिट्टीसारखा श्वास, छातीत भरणे किंवा काही आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला असेल तर पंख्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा आणि दिवसभर बंद खोलीत लेझर प्रिंटरपाशी बसतो हे त्यांना आपणहून सांगा.

शेवटी एक वास असा आहे की तो आला तर पंखा लावून घालवू नका. कुजलेल्या मासळीसारखा वास प्रिंटरच्या मागून किंवा भिंतीकडून येत असेल, तर बहुधा प्लग, सॉकेट किंवा एक्स्टेंशन बोर्डाचे प्लॅस्टिक तापत आहे. फ्यूजर तापताना एकेक प्रिंटर काही क्षण कित्येक शे वॅट ओढतो. दोन प्रिंटर आणि संगणक एकाच स्वस्त बोर्डावर असतील तर सैल संपर्क तापतो. मुख्य स्विच बंद करून प्लगच्या पिना काळवंडल्या आहेत का ते पाहा, आणि प्रत्येक प्रिंटर भिंतीतल्या 16 अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवर घ्या.